मित्र पाहत असताना

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा एरवी समजूतदार आहे. पण मित्रांबरोबर ट्रिपल सीट गाडी भरधाव पळवतो. 'मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत कच्चा असतो' असं ऐकलं. मग समजावण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आहे. पंचविशी ही काही सीमारेषा नाही. मेंदू त्यानंतरही बदलत राहतो. शिवाय आठ वर्षांच्या मुलाचा तो भाग याहून कच्चा असतो, तरी असं धाडस किशोरवयात जास्त दिसतं, म्हणजे कच्चेपणा हे एकच कारण पुरत नाही.

अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ वापरून प्रयोग केला. पिवळा दिवा लागल्यावरही गाडी पुढे नेली तर गुण वाढत, पण लाल दिव्यासोबत भिंत आडवी येऊन गुण जाण्याची भीती असे. एकटी खेळताना 13 ते 16 वयाची मुलं मोठ्यांइतकाच धोका पत्करत होती. मित्र शेजारी असले की तो जवळपास दुप्पट होई. मोठ्यांत असा फरक पडला नाही. पुढे 2011 मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करत असाच खेळ खेळवला, तेव्हा मित्र पाहत असताना किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग जास्त सक्रिय दिसला.

खेळातला लाल दिवा म्हणजे चौकातला ट्रक नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. आणि मुलामुलांतही बराच फरक असतो.

तुमच्या मुलाला धोका कळतो, त्यामुळे उपदेश वाढवण्यापेक्षा प्रसंग बदला. मित्रांना मागे बसवायचं नाही, ही अट घालूनच किल्ली द्या, आणि अट मोडली तर किल्ली परत घ्या.