न उचललेल्या कॉलचा परतीचा प्रवास

लंडनचं सिम फोनमध्ये ठेवून तुम्ही सुट्टीला पुण्याला गेलात. लंडनहून आलेला एक कॉल तुम्ही उचलला नाही आणि समोरच्यानं व्हॉइसमेलवर निरोप ठेवला. तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, तरी काही प्लॅनमध्ये या कॉलचे पैसे दोनदा लागतात. असं का होतं?

कॉल फॉरवर्डिंगच्या प्रत्येक प्रकाराला एक आकडा आहे: सगळे कॉल वळवायचे असतील तर २१, फोन व्यस्त असताना ६७, उचलला नाही तर ६१ आणि संपर्काबाहेर असेल तर ६२. व्हॉइसमेल बहुधा शेवटच्या तीन प्रकारांवर बेतलेला असतो.

आता कॉलचा मार्ग पाहू. लंडनचं नेटवर्क पुण्याच्या नेटवर्ककडून एक तात्पुरता क्रमांक घेतं आणि कॉल तिकडे पाठवतं. तुम्ही तो उचलला नाही, हे पुण्यातच कळतं. त्यामुळे कॉल तिथूनच वळतो आणि लंडनच्या व्हॉइसमेलकडे परत जातो. जाताना एक आंतरराष्ट्रीय फेरी, येताना दुसरी!

फोन नीट बंद केला, तर तो जाताना नेटवर्कला तसं कळवतो. मग तात्पुरता क्रमांक मिळतच नाही आणि कॉल लंडनमध्येच वळतो. पण घाटात रेंज अचानक गेली, तर नेटवर्कला काही काळ तुम्ही हजरच वाटता आणि कॉल पुन्हा दोन्ही फेऱ्या करतो.

यावर उपाय निघण्यापूर्वीच करायचा. आधी सध्याची सेटिंग पाहा आणि व्हॉइसमेलचा क्रमांक `+44` सकट लिहून ठेवा:

```
*#61#
*#62#
*#67#
```

मग तिन्ही अटी एकदम पुसा:

```
##004#
```

आता न उचललेला कॉल नुसता वाजून बंद होईल, निरोप मात्र ठेवता येणार नाही. निरोप हवेच असतील, तर `**21*` नंतर व्हॉइसमेलचा क्रमांक आणि शेवटी `#` असा कोड लावा. ही अट लंडनमध्येच तपासली जाते, त्यामुळे कॉल भारतात येतच नाही; पण मग तुमचा फोनही वाजणार नाही. लागू झालं का ते `*#21#` नं कळतं आणि `##21#` नं ते रद्द होतं. परतल्यावर `**004*`, जपून ठेवलेला क्रमांक आणि `#` लावलं की तिन्ही अटी पूर्ववत होतात.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. हे कोड जीएसएम पद्धतीचे आहेत. अमेरिकेतल्या काही कंपन्यांचे कोड वेगळे आहेत. आणि व्होल्टी रोमिंगमध्ये कॉलचं नियंत्रण बहुधा मूळ नेटवर्ककडेच राहतं, तेव्हा परतीची फेरी टळते.