भट्टी नसताना केक: कुकरमधली आच ओळखायला शिकूया



गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "आमच्याकडे ओव्हन नाही, मग केक कसा करायचा?" पेण असो की रोहा, वाढदिवसाला केक हवाच, आणि घरचा केक करून दिला तर चार पैसेही सुटतात. ओव्हन नसला तरी केक होतो. कुकरमध्ये होतो, जाड बुडाच्या टोपातही होतो. पण बऱ्याच जणींचा पहिला केक खालून करपतो आणि मधे कच्चा राहतो. साहित्य चुकलेलं नसतं, आच चुकलेली असते. म्हणून या पाठात आपण आचेकडेच नीट बघूया.

खरं तर आपल्या कोकणाला हे नवीन नाही. काकडीचं धोंडस आपल्या आज्या टोपात करायच्या. टोप निखाऱ्यावर ठेवायचा आणि झाकणावरही निखारे घालायचे. सीकेपी घरांतलं निनावही असंच खालून-वरून आच देऊन भाजतात. आज्यांना ठाऊक होतं की भाजायच्या पदार्थाला सगळीकडून ऊब लागते. गॅसवरच्या कुकरला मात्र आच फक्त खालून मिळते. मग ती खालची आच सगळीकडे कशी पसरवायची? सगळं कौशल्य एवढंच आहे.

मांडणी

पाच लिटरचा कुकर घ्या. त्यात पाणी अजिबात घालायचं नाही. तळाला एक ते दीड कप मीठ पसरा, साधारण एका बोटाच्या जाडीचा थर होईल इतकं. मिठाचं काम काय? ज्योत बुडाच्या एका जागी जास्त तापवते. मीठ ती ऊब शोषून घेतं आणि हळूहळू सगळीकडे देतं. खडेमीठ तापताना चटचट उडतं, म्हणून सुरुवातीपासून झाकण ठेवा. पावसाळ्यात मीठ ओलसर असतं, तेव्हा ते आधी कढईत कोरडं करून घ्या. मिठाऐवजी धुऊन कडकडीत वाळवलेली बारीक वाळूही चालते.

मिठावर कुकरची जाळी किंवा छोटं स्टँड ठेवा आणि केकचा डबा त्यावर. डबा थेट मिठावर ठेवायचा नाही. मधे दोन बोटं मोकळी जागा राहिली की गरम हवा डब्याच्या खालूनही फिरते. डबा ६ इंची असावा, म्हणजे त्याच्या चारी बाजूंना दोन बोटं जागा उरते. डबा कुकरच्या भिंतीला चिकटला तर त्या बाजूने केक काळा पडतो.

आता झाकण. झाकणाची रबरी रिंग काढा आणि शिट्टीही काढा. दोन्ही काढल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. कोरड्या आचेत रबर करपतं. शिवाय केकच्या मिश्रणातल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर जायला वाट हवी. वाफ आत कोंडली तर केक भाजत नाही, उकडतो. वरून चिकट होतो आणि झाकणाचं पाणी त्यावर टपकतं.

झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तेही लक्षात ठेवा. पुष्कळ कुकरच्या व्हॉल्व्हमध्ये ठरावीक उष्णतेला वितळणारा मऊ धातू असतो, म्हणजे कुकर कोरडा पडला तर तो वितळून वाफ सोडतो. आपण तर मुद्दाम कोरडं तापवणार! म्हणून रोजच्या भाताचा कुकर केकला वापरू नका. जुना कुकर केकसाठी वेगळा काढा, आणि शक्यतो त्याचं झाकणही न वापरता नुसत्या भांड्यावर टोपाचं खोलगट झाकण ठेवा. कडेने वाफ जाते आणि व्हॉल्व्हचा प्रश्नच राहत नाही. केकसाठी तापवलेलं झाकण पुन्हा भाताला लावायचं असेल तर आधी नवीन व्हॉल्व्ह बसवा. वितळलेला व्हॉल्व्ह कशानेही बुजवायचा नाही, त्यात जिवाला धोका आहे.

आच आणि वेळ

रोह्याकडच्या एका ताईंनी पुतण्याच्या वाढदिवसाला अर्धा किलोचा केक करायला घेतला. पहिल्या वेळी त्यांनी डबा मिठावरच ठेवला आणि मोठ्या बर्नरवर मध्यम आच दिली. वीस मिनिटांत करपल्याचा वास आला. उघडून बघितलं तर कडा कडक, मधे डोंगरासारखा फुगवटा आणि त्याला चीर, बूड काळं, आणि मधलं मिश्रण ओलं. आच जोराची असली की असंच होतं. कडा आणि बूड लगेच धरतात, मधलं मिश्रण मागाहून फुगतं आणि वाट मिळेल तिथून वर येतं.

दुसऱ्या वेळी त्यांनी घड्याळ समोर ठेवून केलं. साहित्य हे: मैदा १ कप (१२५ ग्रॅम), साखर अर्धा कप (१०० ग्रॅम), ताजं दही अर्धा कप, तेल पाव कप, दूध पाव कप, बेकिंग पावडर १ सपाट चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला इसेन्स. कप सगळ्याला एकच, २४० मि.ली.चा.

दुपारी ४ वाजता कुकर मोठ्या बर्नरवर मध्यम आचेवर, झाकण ठेवून, रिकामाच तापायला ठेवला. ही दहा मिनिटं चुकवायची नाहीत. सोडा दह्यात मिसळला की लगेच बुडबुडे यायला लागतात. कुकर गार असेल तर केक धरायच्या आतच ते बुडबुडे निघून जातात आणि केक दडस होतो. तोवर त्यांनी डब्याला तेल लावून तळाला कागद घातला, दही-साखर-तेल एकजीव केलं आणि मैदा, पावडर, सोडा एकत्र दोनदा चाळून ठेवला. चाळलेलं पीठ आणि दूध ओल्या मिश्रणात घातलं ते अगदी शेवटी. पीठ दिसेनासं झालं की ढवळणं थांबवलं. मिश्रण डब्यात निम्म्यापर्यंतच आलं. वरची निम्मी जागा फुगायला लागते.

४ वाजून १० मिनिटांनी डबा आत ठेवला. सांडशीने धरून, हात भाजणार नाही असा. मग कुकर उचलून छोट्या बर्नरवर ठेवला आणि आच अगदी मंद केली. मंद म्हणजे किती? ज्योत निळी हवी आणि तिची टोकं बुडाच्या मधल्या भागालाच लागायला हवीत. ज्योत बुडाबाहेर पसरली तर आच जास्त आहे.

त्यानंतर अर्धा तास झाकण उघडलं नाही. हाच सगळ्यात अवघड भाग, कारण बघायचा मोह होतो! पण मधे उघडलं की आतली गरम हवा निघून जाते आणि अजून न धरलेला मधला भाग बसतो. ४ वाजून ४० मिनिटांनी उघडलं. बांबूची काडी मधोमध टोचली तर तिला ओलं मिश्रण लागून आलं. झाकण लगेच परत ठेवलं. ४ वाजून ५० मिनिटांनी काडी कोरडी आली. केकने डब्याची कड सोडली होती आणि बोटाने हलकं दाबल्यावर दबलेली जागा परत वर येत होती. या तिन्ही खुणा पटल्यावरच त्यांनी गॅस बंद केला. म्हणजे डबा आत गेल्यापासून ४० मिनिटं लागली. तुमच्या कुकरला ३५ लागतील किंवा ५०ही लागतील. म्हणून घड्याळापेक्षा काडीवर विश्वास ठेवा.

त्यांचा केक वरून फिकाच होता. "कच्चा राहिला की काय?" असं त्यांना वाटलं. तसं नाही. वरून आच नाही म्हटल्यावर वरची बाजू ओव्हनसारखी तांबूस होत नाही. रंग यावा म्हणून आणखी वीस मिनिटं ठेवलात तर वर रंग येणार नाहीच, खाली मात्र करपेल. केक उलटा करून दिला की खालची खरपूस बाजू वर येते.

डबा बाहेर काढून दहा मिनिटं जाळीवर ठेवा, मग कडेने सुरी फिरवून पालथा करा. क्रीम लावायचं असेल तर केक पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर क्रीम वितळून घसरतं.

कुकर नसेल तर टोप

जाड बुडाच्या टोपातही हीच मांडणी: मीठ, जाळी, डबा, वर घट्ट बसणारं जड झाकण. झाकण खोलगट असेल तर वाफेचं पाणी कडेने ओघळतं. सपाट असेल तर ते मधोमध केकवर पडतं. टोपाचं बूड तितकं जाड नसेल तर खाली जुना लोखंडी तवा ठेवा, म्हणजे ज्योत थेट लागणार नाही. तवाही तापायला हवा, म्हणून रिकामा टोप दहाऐवजी पंधरा मिनिटं तापवा. टोपाला साधारण पाच-दहा मिनिटं जास्तच लागतात. चुलीवर करत असाल तर जाळ नको, निखारेच हवेत, आणि मूठभर निखारे झाकणावर घाला. आजीची ही युक्ती वापरली की केकला वरूनही रंग येतो.

चुकलं तर कारण कसं ओळखाल?

बूड काळं आणि मधे कच्चं: आच मोठी, किंवा खाली जाळी नव्हती. मधे खड्डा: झाकण लवकर उघडलं, केक लवकर काढला, किंवा सोडा जास्त झाला. सोडा जास्त असेल तर चवही साबणासारखी लागते. वर चिकट: वाफ कोंडली. दडस: कुकर तापला नव्हता किंवा मिश्रण कालवून ठेवून दिलं होतं.

काम झालं की मीठ पूर्ण गार होऊ द्या आणि बरणीत भरून "केकचं मीठ" अशी चिठ्ठी लावा. ते पुन्हा केकलाच वापरा, स्वयंपाकाला नको. कुकरमध्ये तसंच राहू देऊ नका, ओल धरून मीठ अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. आणि कोरडा कुकर गॅसवर असताना शेतावर किंवा नळावर निघून जाऊ नका.

पुढच्या बैठकीपर्यंत एक गृहपाठ. ऑर्डर घ्यायच्या आधी हाच साधा केक आपापल्या भांड्यात दोनदा करा. वहीत चार गोष्टी लिहा: कुठला बर्नर, रिकामं किती मिनिटं तापवलं, काडी कोरडी कधी आली, बुडाचा रंग कसा होता. दुसऱ्या वेळी बूड तांबूस आलं तर तुमच्या भांड्याची आच तुम्हाला कळली. काळं आलं तर वही घेऊन बैठकीला या, चूक कुठे झाली ते आपण मिळून शोधू.