एकच वारा : इगतपुरीस पाऊस, येवल्यास ऊन

मोसमी पाऊस कसा तयार होतो, हे आज आपण एका वाऱ्याबरोबर प्रवास करून पाहू.

हा वारा निघतो विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरावरून. एप्रिल-मे महिन्यांत आपली जमीन तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते व तेथे हवेचा दाब कमी होतो. समुद्र मात्र सावकाश तापतो. त्याच्यावर दाब अधिक राहतो, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहू लागतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे विषुववृत्त ओलांडताच तो उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येतो. वाटेत अरबी समुद्राची वाफ तो पोटात घेतो.

वाफेचे पाणी व्हावयास ती थंड झाली पाहिजे. कसाऱ्यापुढे हा वारा सह्याद्रीवर आदळतो. पुढे वाट नाही, म्हणून तो वर चढतो. वर दाब कमी, त्यामुळे हवा पसरते. आणि पसरणारी हवा थंड होते. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा हाताला गार लागते, तेच येथे घडते. वाफेचे थेंब होतात व इगतपुरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. थेंब होताना वाफेतील उष्णता बाहेर पडते. ती हवेला आणखी वर ढकलते, आणि खालून नवा वारा ओढला जातो. म्हणूनच जुलैत जमीन मेपेक्षा थंड असूनही पाऊस जोरात असतो.

आता तोच वारा घाट उतरून येवल्याकडे निघाला. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पण पाणी तर घाटावरच सांडले. शिवाय उतरणारी हवा दाबली जाऊन तापते व ढग विरतात. येवल्यास वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. आषाढात सिन्नर-येवल्याकडे ढग धावताना दिसतात, वारा सुसाट असतो, पण थेंब पडत नाही, त्याचे कारण हेच.

पूर्वेकडील तालुक्यांस चांगला पाऊस बहुधा दुसऱ्या वाटेने मिळतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र होऊन ते पश्चिमेस सरकत आपल्याजवळ आले, की तेथील हवा डोंगराशिवायही वर चढते. हे क्षेत्र दूर उत्तरेकडून गेले, तर घाटात झड लागते आणि येवला कोरडाच राहतो.

राहता राहिला वळीव. दुपारनंतर ढग दाटतात, गडगडाट होतो, कधी गारा पडतात आणि तासाभरात ऊन पडते. तो जमिनीच्या उष्णतेने झालेला स्थानिक पाऊस. त्यामागे समुद्राचा वारा असेलच असे नाही. त्यावर बाजरी पेरली आणि मोड वाळले, तर बियाणे पुन्हा विकत घ्यावे लागते. पश्चिमेचा वारा रात्रंदिवस टिकला, आभाळ खाली उतरले आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरला, की पाभर बाहेर काढावी. ओल पाहण्यासाठी वीतभर खड्डा खणावा. तळाची माती मुठीत दाबून तिचा गोळा झाला पाहिजे.