फेरीचा दर कोण ठरवतो?

एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या परिसरात ‘ब्लिंकिट’ या कंपनीची अनेक ‘डार्क स्टोअर्स’ काही दिवस बंद पडली. डार्क स्टोअर म्हणजे ग्राहकांसाठी खुले नसलेले दुकान. तेथे किराणा माल साठवलेला असतो आणि मोबाइलवर मागणी नोंदवली गेली की दुचाकीस्वार तो माल काही मिनिटांत घरोघरी पोहोचवतात. त्या दिवसांत हे दुचाकीस्वार दुकानांच्या दारातच बसून राहिले. त्यांना एका फेरीमागे २५ रुपये मिळत असत. नव्या पद्धतीत किमान दर १५ रुपये ठरवण्यात आला आणि त्यावर अंतरानुसार काही रक्कम जोडली जाणार होती. कामगारांच्या सांगण्याप्रमाणे त्याआधी वर्षभरापूर्वी हाच दर ५० रुपयांपर्यंत होता.

दहा रुपयांची ही कपात वरवर पाहता किरकोळ वाटते. तिचा खरा अर्थ समजण्यासाठी एका दिवसाचा हिशेब मांडून पाहू. समजा, एक तरुण दिवसाला तीस फेऱ्या करतो. जुन्या दराने त्याला ७५० रुपये मिळत. नव्या पद्धतीत अंतराचे पैसे धरून फेरीमागे सरासरी २० रुपये पडले, तर ६०० रुपये होतात. म्हणजे मिळकत एक पंचमांशाने घटली. परंतु पेट्रोल त्याचेच आहे. तीस फेऱ्यांना सुमारे दोनशे रुपयांचे पेट्रोल लागते आणि दर कमी झाला म्हणून ते स्वस्त होत नाही. तेव्हा हाती उरणारी रक्कम ५५० वरून ४०० वर येते. ही घट एक चतुर्थांशाहून अधिक आहे. गाडीचा हप्ता, टायर, मोबाइलचा खर्च यांचा हिशेब अजून केलेलाच नाही.

अशा वेळी तो तरुण काय करू शकतो? बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करता येते, कारण समोर माणूस असतो आणि त्याला ‘नको’ म्हणून पुढच्या गाळ्यावर जाता येते. येथे समोर माणूस नाही. दर पडद्यावर येतो, त्याखाली ‘स्वीकारा’ हे बटण असते. दुकानातील व्यवस्थापकाला विचारले तर तो म्हणतो, “दर वरून ठरतात.” हे त्याचे म्हणणे खोटेही नसते. नाही म्हणायचे तर एकेक फेरी नाकारणे एवढाच मार्ग उरतो. मात्र एकाने नाकारलेली फेरी काही क्षणांत दुसऱ्याच्या मोबाइलवर जाते. ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही आणि कंपनीचे फारसे बिघडत नाही. नाकारणाऱ्याची मात्र तेवढी मिळकत बुडते. शिवाय वारंवार नाकारणाऱ्याला पुढे कमी फेऱ्या मिळतील किंवा त्याचा आयडी बंद होईल, ही धास्ती असतेच.

नाकारण्याची हीच शक्ती आणखी क्षीण करणारी गोष्ट म्हणजे ‘इन्सेन्टिव्ह’, अर्थात प्रोत्साहनाची रक्कम. तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. समजा, दिवसात तीस फेऱ्या पूर्ण केल्या, ठरलेले तास लॉग-इन राहिले आणि एकही फेरी नाकारली नाही, तर २०० रुपये अधिक मिळतील अशी योजना आहे. रात्री साडेदहा वाजता आपल्या तरुणाच्या एकोणतीस फेऱ्या झाल्या आहेत. तेवढ्यात लांबच्या वसाहतीतील, चार किलोमीटरवरची फेरी ३० रुपयांना समोर येते. परतताना गाडी रिकामीच आणावी लागणार. एरवी त्याने ती नाकारली असती. पण या क्षणी त्या फेरीचे मोल त्याच्यासाठी ३० नव्हे, २३० रुपये आहे. साहजिकच तो बटण दाबतो.

कंपनीच्या बाजूने हिशेब निराळा दिसतो. दोनशे रुपये तीस फेऱ्यांत वाटले, तर फेरीमागे सात रुपयेही पडत नाहीत आणि तेही टप्पा गाठणाऱ्यालाच द्यावे लागतात. एकोणतिसाव्या फेरीवर थांबलेल्याने त्या साऱ्या फेऱ्या निव्वळ मूळ दराने केलेल्या असतात. पुढची फेरी कोणाला द्यायची हे कंपनीची संगणकीय प्रणाली ठरवते. त्यामुळे टप्पा गाठणे पूर्णपणे कामगाराच्या हाती नसते. पुढील आठवड्यात तोच टप्पा चौतीस फेऱ्यांचा झाला, तरी त्याविषयी आधी बोलणी झालेली नसतात. म्हणूनच अनुभवी दुचाकीस्वार नवख्याला इन्सेन्टिव्हचा आकडा विचारत नाहीत. ‘सगळे धरून तासाला किती पडले?’ असे विचारतात.

मग २०२३ मध्ये काम थांबले ते कशामुळे? याचे उत्तर त्या दुकानाच्या दारात सापडते. हॉटेलातून जेवण पोहोचवणारे स्वार शहरभर विखुरलेले असतात. डार्क स्टोअरचे स्वार मात्र दर फेरीनंतर एकाच दारी परततात. तेथे मोबाइल पुढे करून एकमेकांचे दर ताडून पाहता येतात. महाराष्ट्रातील बाजार समित्यांत पोत्यामागे मजुरी घेणाऱ्या हमालांची स्थिती काहीशी अशीच होती. त्यांनाही कोणी एक मालक नव्हता, पण बाजाराचे आवार एक होते. त्यांच्या संघटनांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि कामगार व व्यापारी या दोघांचीही नोंदणी करणारी मंडळे स्थापन झाली. गाडीवरून फिरणाऱ्या ‘पार्टनर’ला असे मंडळ लाभलेले नव्हते. कंपनी त्याला नोकर मानत नसल्याने किमान वेतनाचा आधारही नव्हता. काही दिवसांत दुकाने पुन्हा उघडली. आंदोलन करणाऱ्यांपैकी काहींचे आयडी बंद झाल्याच्या तक्रारी आल्या आणि अनेकजण दुसऱ्या कंपन्यांकडे वळले.

एकत्र येण्यालाही मर्यादा असते, हे ३१ डिसेंबर २०२५ च्या देशव्यापी संपात दिसले. वर्षातील सर्वाधिक मागणीची ती संध्याकाळ. त्या दिवशी ‘झोमॅटो’ने संध्याकाळी सहा ते रात्री बारा या वेळेत फेरीमागे १२० ते १५० रुपये देऊ केले. सणासुदीला असा वाढीव दर देण्याची आमची नेहमीचीच पद्धत आहे, असे कंपनीने सांगितले. हेतू काहीही असो, त्या रात्री घरी बसण्याची किंमत प्रत्येकासाठी एकदम वाढली. ज्याच्या गाडीचा हप्ता थकला आहे, त्याने गाडी बाहेर काढली तर त्याला दोष कसा द्यावा? तो दर मात्र त्या रात्रीपुरताच होता. संपानंतर केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी चर्चा केली आणि जानेवारी २०२६ मध्ये ब्लिंकिटने दहा मिनिटांत माल पोहोचवण्याची जाहिरात मागे घेतली. फेरीच्या किमान दराचा निर्णय त्या चर्चेतून झाला नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यानुसार कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणासाठी द्यावयाची आहे. ती विमा, आजारपण, म्हातारपण यांचा विचार करते. फेरीचा दर ठरवत नाही. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने दरही ठरवला नाही, परंतु एक अट घातली. कराराच्या अटींत बदल करावयाचा असल्यास कंपनीने कामगाराला किमान चौदा दिवस आधी कळवले पाहिजे. सकाळी लॉग-इन केल्यावर अचानक १५ चा आकडा पाहणे आणि तोच आकडा पंधरवडाभर आधी दुकानाच्या दारात पाच-पन्नास जणांनी मिळून वाचणे, पेट्रोलचा हिशेब मांडणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.