चेहरा जुळला, तरी माणूस का वाटत नाही?

व्हीएफएक्स शिकायचं म्हणणाऱ्या मुलांचे पालक आधी सॉफ्टवेअरचं विचारतात: कुठलं शिकवतात, आणि दोन वर्षांनी ते चालेल का? एकाचा चेहरा दुसऱ्यावर बसवण्याच्या, म्हणजे ‘फेस स्वॅप’च्या कामात मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. त्वचेचा रंग जुळवणं, कडा लपवणं आता बरंचसं यंत्रच करतं. तरीही असा निर्दोष शॉट पाहून प्रेक्षक म्हणतो, ‘काहीतरी खटकतंय.’ ते ‘काहीतरी’ नेमकं कुठे आहे, हे दाखवता येणं ही खरी विद्या.

‘रोग वन’ (2016) हा चित्रपट घ्या. त्यातल्या टार्किन या पात्राची मूळ भूमिका करणारे पीटर कुशिंग 1994 मध्येच वारले होते. म्हणून गाय हेन्री यांनी अभिनय केला आणि आयएलएम या स्टुडिओने त्यावर कुशिंग यांचा डिजिटल चेहरा चढवला. चेहरा हुबेहूब, पण बोलायला लागला की कुशिंग वाटेना. जुनी दृश्यं बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला: ‘आ’ म्हणताना कुशिंग वरचा ओठ हलवतच नसत, हेन्री हलवत. मग ओठांची हालचाल बदलावी लागली. एवढं करूनही काही प्रेक्षकांना तो चेहरा खटकलाच.

दुसरी गोम डाव्या-उजव्याची. हसताना एखाद्याच्या ओठाचा डावा कोपरा आधी उचलला जातो, एखाद्याची एक भुवई कायम जरा वर असते. चेहऱ्याचे नमुने कमी पडले की ते आरशासारखे उलटवून मॉडेलला शिकवण्याची सोय अनेक साधनांत असते. नमुने वाढतात, पण दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात आणि तो वाकडेपणा बोथट होतो. आईला मात्र आपल्या मुलाचं हसू बदललेलं लगेच कळतं!

तिसरी, निसटत्या भावांची. असा भाव साधारण 1/25 ते 1/5 सेकंद टिकतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर एक ते पाच फ्रेम. लुकलुक घालवायला शेजारच्या फ्रेमची सरासरी काढली, की तोही पुसला जातो. मग ओठ हसतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळत नाही.

डेमो रीलसाठी एक काम सुचवतो. मित्राची परवानगी घेऊन त्याचा बोलतानाचा क्लोजअप चित्रित करा, चेहरा बदला, मूळ शॉट शेजारी ठेवून फ्रेम-फ्रेम पुढे सरका. पापणी कधी मिटली, कुठला कोपरा आधी हलला, हे टिपा आणि दुरुस्तीच्या आधीचं-नंतरचं दोन्ही दाखवा.

पालकांनो, फी भरण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा: चेहऱ्याचे स्नायू आणि व्यक्तिचित्रण कोण शिकवतं? आणि विद्यार्थ्याने केलेला, बोलणाऱ्या चेहऱ्याचा एखादा शॉट दाखवाल का? फक्त स्थिर चेहरे दाखवले, तर दुसरी संस्था बघा.