आजोबांचे वाकडे हसू

जुन्या पुसट छायाचित्राला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने उजाळा दिला, की वाकडे हसू पुष्कळदा सरळ होते. पुसट जागी साधन असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेले भरते, आणि सरासरी चेहरा देखणाच निघतो. १८७८ मध्ये अनेक छायाचित्रे एकावर एक छापताना गाल्टन यांना हेच आढळले होते.

समजा, आजोबांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूस जुना लकवा होता. अशा वेळी ‘चेहरा बदलू नये’ ही सूचना अपुरी पडते. रुग्णपत्रिकेसारखे नेमके लिहावे. बाजू मात्र चित्रातील सांगावी (आपण डॉक्टर येथे हमखास गोंधळतो!): चित्रात डावीकडील ओठाचा कोपरा वर ओढलेला, उजवीकडील खाली, उजवीकडील डोळा अधिक उघडा. ‘सुंदर’, ‘आकर्षक’ हे शब्द टाळावेत. ओरखडे चेहऱ्याबाहेरच असतील तर तेवढाच भाग निवडावा.

मग नवे चित्र अर्धपारदर्शक करून बाहुल्या जुळवून मूळ चित्रावर ठेवावे. ओठांच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेचा कल बदलला असेल, तर हसू सरळ झाले आहे. मुळात ओठांची कडाच उरली नसेल, तर तो भाग पुसटच ठेवलेला बरा.