दोन चष्मे आणि जिन्याची पायरी

चाळिशी लागली की वाचनासाठी चष्मा येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. साठीनंतर पुष्कळांकडे दोन चष्मे असतात. एक लांबचे पाहण्याचा आणि दुसरा वाचनाचा. दोन्ही चष्मे योग्य अंकाचे असूनही कोणता चष्मा कोणत्या वेळी डोळ्यांवर आहे, याकडे घरात क्वचितच कोणी लक्ष देते. जिना उतरताना मात्र ही साधी बाब फार महत्त्वाची ठरते. वृत्तपत्र वाचता वाचता उठून त्याच चष्म्यानिशी खाली जाण्यास निघालेल्या वृद्ध व्यक्तीला पायरीची कड स्पष्ट दिसत नाही, आणि आपल्याला ती दिसत नाही हे तिला त्या क्षणी जाणवतही नाही.

पायरी अस्पष्ट का दिसते?

तरुणपणी डोळ्यातील नैसर्गिक भिंग लवचिक असते. जवळ पाहताना ते फुगते व लांब पाहताना सपाट होते. वयपरत्वे ते ताठर होत जाते आणि सत्तरीच्या सुमारास ही शक्ती जवळजवळ संपते. त्यानंतर डोळ्याला चष्म्याचे भिंग ज्या अंतरासाठी बनविले असेल तेवढ्याच अंतरावरचे खरोखर स्पष्ट दिसते. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे पुसट होत जाते.

उदाहरणादाखल, जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ७२ वर्षांच्या एका गृहस्थांची कल्पना करू. त्यांच्या लांबच्या चष्म्याचा अंक +१.५० आणि वाचनाच्या चष्म्याचा अंक +४.०० आहे. म्हणजे वाचनासाठी २.५० अंक अधिक दिला आहे. १०० सेंटिमीटरला २.५ ने भागले की ४० येतात. याचा अर्थ असा की, वाचनाच्या चष्म्यातून त्यांना डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवरचा मजकूर स्वच्छ दिसतो. हातात धरलेले वृत्तपत्र साधारण तेवढ्याच अंतरावर असते.

आता हेच गृहस्थ जिन्याच्या माथ्यावर उभे आहेत. त्यांचे डोळे जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर आहेत. प्रत्येक पायरी १८ सेंटिमीटर उंच व २५ सेंटिमीटर रुंद आहे. उतरताना माणसाची नजर पायाखालच्या पायरीवर नसते. ती दोन-तीन पायऱ्या पुढे असते. त्या पायरीची कड त्यांच्या डोळ्यांपासून सुमारे दोन मीटर दूर आहे. दोन मीटरवर स्पष्ट दिसण्यास लांबच्या चष्म्याहून अवघा अर्धा अंक अधिक हवा असतो. लांबच्या चष्म्यात तेवढीच, म्हणजे अर्ध्या अंकाची उणीव राहते आणि कड किंचित मऊ दिसली तरी ओळखता येते. वाचनाच्या चष्म्यात मात्र दोन अंकांचा फरक पडतो. मग एकाच रंगाच्या फरशीच्या वा लाकडाच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जिना उतरत्या घसरगुंडीसारखा भासतो.

पुसटपणाखेरीज आणखी एक दोष असतो. अधिक अंकाचे भिंग वस्तू मोठी दाखविते. त्यामुळे पायरी आहे त्यापेक्षा जवळ असल्याचा भास होतो. पाय तेथे टेकेल या अपेक्षेने शरीराचा भार पुढे जातो आणि पाऊल मात्र आणखी खाली जाते. शेवटची पायरी संपली असे समजून सपाट जमिनीवर टाकलेले पाऊल प्रत्यक्षात हवेत पडते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

दुहेरी भिंगाचा चष्मा

एकाच चौकटीत वर लांबचे व खाली जवळचे भिंग असलेला चष्मा वापरणाऱ्यांना चष्मे बदलावे लागत नाहीत. परंतु जिना उतरताना नजर खाली वळते ती नेमकी खालच्या, म्हणजे वाचनाच्या भिंगातून. अशा चष्म्यामुळे वृद्धांना कडा व खोली यांचा अंदाज घेणे कठीण जाते आणि पडण्याचा धोका वाढतो, असे २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले.

त्याच देशात पुढे ६०६ वृद्धांवर मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हे सर्वजण दुहेरी किंवा बहुकेंद्री भिंगांचे चष्मे वापरणारे होते. त्यांपैकी निम्म्यांना केवळ लांबचे पाहण्याचा एकेरी चष्मा जादा देण्यात आला आणि बाहेर पडताना व जिन्यावर तो वापरण्यास सांगण्यात आले. जे नियमाने घराबाहेर हिंडत-फिरत होते त्यांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. परंतु जे क्वचितच बाहेर पडत त्यांचे बाहेर पडल्यावर कोसळण्याचे प्रमाण उलट वाढले. यावरून दोन चष्म्यांची पद्धत सर्वांना सरसकट लागू करता येणार नाही, हे स्पष्ट होते. रोज फिरायला, मंडईत वा देवळात जाणाऱ्याने लांबचा एकेरी चष्मा करून घेणे हिताचे आहे. बहुतांश वेळ घरातच असणाऱ्या अशक्त व्यक्तीची वर्षानुवर्षांची सवय मात्र मोडू नये. तिने जिन्यावर हनुवटी छातीकडे झुकवून वरच्या भिंगातून पायरी पाहावी व कोणाचा तरी आधार घ्यावा.

चष्मा बदलण्याची शिस्त

दोन चष्मे वापरणाऱ्याने एक नियम पाळावा. वाचनाचा चष्मा जागेवर राहील आणि लांबचा चष्मा माणसाबरोबर फिरेल. वाचनाच्या चष्म्याचे घर खुर्चीजवळच्या टेबलावर किंवा कोनाड्यात ठेवावे व तो तेथून हलवू नये. लांबच्या चष्म्याला दोरी लावावी, म्हणजे वाचतानाही तो गळ्यात राहतो व उठण्यापूर्वी शोधावा लागत नाही. अनेक घरांत याच्या नेमके उलट घडते. वाचनाचा चष्मा गळ्यात आणि लांबचा कपाटात असतो. मग घाईच्या वेळी गळ्यातला चष्माच डोळ्यांवर चढतो.

दोन्ही चष्मे सारख्याच चौकटीचे घेऊ नयेत. घेतलेच असल्यास वाचनाच्या चष्म्याच्या काडीवर जाड दोरा घट्ट गुंडाळावा. अंधारातही बोटांना फरक कळतो.

बदल नेहमी बसूनच करावा. वाचन संपताच वाचनाचा चष्मा घरात ठेवावा, लांबचा चढवावा आणि समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या तारखांकडे पाहावे. मोठे आकडे स्वच्छ दिसले तर चष्मा योग्य आहे. ते पसरट दिसले तर चष्म्यांची अदलाबदल झाली आहे. मग उठावे, क्षणभर खुर्ची धरून उभे राहावे व नंतरच चालू लागावे. एकदम उठल्याने काही वृद्धांचा रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते, तीही या अवधीत ओसरते.

ही शिस्त मोडते ती बहुधा हाकेने. खालून कोणी बोलावले, दाराची घंटा वाजली की वाचणारा तसाच उठतो. म्हणून घरातील माणसांनीही हाक मारताना, “आजोबा, चष्मा बदलून सावकाश या,” असे म्हणण्याचा प्रघात ठेवावा.

ज्यांचा लांबचा अंक उणे आहे अशा काही व्यक्ती वाचताना चष्मा काढून ठेवतात. त्यांचा उघडा डोळा हाच जणू त्यांचा वाचनाचा चष्मा असतो. त्यांनी उठण्यापूर्वी चष्मा घालणे तितकेच आवश्यक आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना लांबचे विनाचष्म्याचे दिसते, त्यांनी उलट उठण्यापूर्वी वाचनाचा चष्मा काढून ठेवावा.

जिन्यावरील सवयी

जिन्याच्या माथ्यावर पोहोचताच कठडा धरावा व थांबावे. तिसऱ्या पायरीची कड वेगळी ओळखू येते का, ते पाहावे. येत नसेल तर प्रथम चष्मा, मग दिवा तपासावा. कड दिसल्याखेरीज पहिले पाऊल टाकू नये. ज्या हाताने कठडा धरायचा तो हात पूर्ण रिकामा असावा. भाजी, दूध वा वृत्तपत्र खांद्यावरच्या पिशवीत ठेवावे. दुसऱ्या हाताने लुगड्याच्या निऱ्या वा धोतराचा सोगा किंचित उचलून धरता येतो. सैल चपला जिन्यावर घालू नयेत. एक गुडघा दुखत असल्यास चढताना चांगला पाय आधी वर टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणून मगच पुढे जावे.

कठडा शेवटच्या पायरीपर्यंत सोडू नये. खाली पोहोचल्यावर एका पायाने सपाट जमीन चाचपावी व नंतरच हात काढावा.

जिन्यातही थोडा बदल करता येतो. प्रत्येक पायरीच्या अगदी कडेला सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा रंगवावा. काळसर लाकडावर पांढरा वा पिवळा आणि फिकट फरशीवर गडद रंग वापरावा. रंग घसरट नसावा. पट्टा कडेपासून मागे सरकलेला असेल तर पायरी तेथेच संपते असा भ्रम होऊन तो अपायकारक ठरतो. दिव्याची बटणे जिन्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे असावीत.

नवा चष्मा आल्यावर

अंकात मोठा बदल झालेला नवा चष्मा घातल्यावर जमीन वर आल्यासारखी किंवा तिरपी भासते. सिडनी येथे ७० वर्षांवरील ६१६ व्यक्तींची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. डोळे तपासून गरजेनुसार नवे चष्मे दिलेल्या गटात पडण्याचे प्रमाण कमी न होता वाढलेले आढळले. तेव्हा चष्मा तपासताना पूर्वी पडल्याचा प्रसंग व घरातील जिना यांची माहिती नेत्रतज्ज्ञांना द्यावी. अंक एकदम फार बदलायचा की टप्प्याटप्प्याने, याचा विचार ते करू शकतात. नव्या चष्म्याने पहिले काही दिवस घरातल्या सपाट जमिनीवरच चालावे व जिन्यावर सोबतीला कोणीतरी असू द्यावे.

योग्य चष्मा घालून व पुरेसा उजेड असूनही कड दिसत नसेल, तर दोष चष्म्यात नसून मोतीबिंदू, काचबिंदू वा पडद्याच्या विकारात असू शकतो. अशा वेळी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. डोळे ठीक असूनही तोल जात असेल, तर चालू असलेली औषधे व रक्तदाब यांविषयी डॉक्टरांना विचारावे.